तीन रकाने आणि एक तारीख : प्रस्तावना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऊस पिकवणाऱ्या पुष्कळ घरांत एखादा शेअर असतोच. तो कारखान्याचा असतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा हे सारे सहकारी कारखाने. त्यांचा शेअर घेतला की माणूस सभासद होतो, त्याला सवलतीच्या दराने साखर मिळते आणि वार्षिक सभेत मत देता येते. शेअर शंभर असोत वा एक, मत एकच. या शेअरचा भाव रोज बदलत नाही, कारण तो बाजारात विकला जात नाही. म्हणून मोबाइलवर कंपन्यांचा तक्ता उघडणाऱ्या वाचकाला आपला कारखाना त्यात सापडला नाही, तर त्याने गोंधळून जाऊ नये. सहकारी कारखान्यांना त्या तक्त्यात जागाच नाही.

जागा आहे ती शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना. त्यातलीही एक कंपनी आपल्याला परकी नाही. १९३९ साली शिरगावकर बंधूंनी सुरू केलेल्या उगार शुगर वर्क्सचा कारखाना सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्दला आहे, पण नोंदणीकृत कार्यालय सांगलीत आहे. ऊस तोच, टोळ्या त्याच, गाळपाचे महिने तेच. फरक इतकाच की या कंपनीचे हिशेब दर तिमाहीला जाहीर होतात आणि तिच्या शेअरचा भाव रोज ठरतो. साखरेच्या धंद्याची जी जाण या भागातल्या माणसाला वाढता वाढता आपोआप येते, ती मुंबईत बसून तक्ते पाहणाऱ्या अनेकांना पुस्तकातून मिळवावी लागते. पुढील पानांत कंपन्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचायला शिकायचे आहे, आणि उदाहरणासाठी साखर हाच धंदा निवडला आहे तो याच कारणाने.

तक्ते मिळतात स्क्रीनर नावाच्या साधनातून. आपण अटी लिहायच्या आणि त्या अटींत बसणाऱ्या कंपन्यांची यादी समोर येते. मराठी वाचकांत बऱ्यापैकी रुळलेल्या Screener.in या संकेतस्थळावर अशी अट लिहिता येते :

```
Market Capitalization > 300 AND
Price to earning < 20 AND
Debt to equity < 2 AND
Sales growth 5Years > 5
```

पहिली ओळ कंपनीचे बाजारमूल्य कोटींत मागते, दुसरी भाव आणि कमाईचे गुणोत्तर, तिसरी कर्जाचे भागधारकांच्या निधीशी प्रमाण, चौथी पाच वर्षांतली विक्रीची वार्षिक वाढ. यादी आली की बहुतेक जण तिचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून ठेवतात किंवा कोणाला तरी पाठवतात. ही सवय मला वाईट वाटत नाही. तक्ता स्वतः रोज बदलतो, छायाचित्र बदलत नाही, आणि म्हणूनच दोन दिवसांची तुलना करता येते. मात्र छायाचित्रात जे येत नाही तेच नेमके घातक ठरते : तारीख, कापला गेलेला उजवीकडचा रकाना, आणि यादी कोणत्या क्रमाने लावली होती ती खूण. वाचकांनी छायाचित्र घेतानाच फाइलच्या नावात तारीख घालावी आणि वर लिहिलेल्या अटीही त्यात दिसतील असे पाहावे. तारीख नसलेले, दुसऱ्याने पाठवलेले छायाचित्र तुलनेला घेऊ नये, एवढा नियम सुरुवातीला पुरे.

आणखी एक गोष्ट चित्रात दिसत नाही. पुष्कळ कंपन्या दोन प्रकारचे हिशेब देतात, एक फक्त स्वतःचा आणि दुसरा उपकंपन्या धरून एकत्रित. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्सची ब्रिटनमध्ये एसपीपी पंप्स ही उपकंपनी आहे. तिचा नफा एका हिशेबात धरला जातो, दुसऱ्यात नाही, आणि म्हणून एकाच दिवशी एकाच कंपनीची दोन निरनिराळी गुणोत्तरे दिसू शकतात. दोन्ही बरोबर असतात. पडद्यावर `Consolidated` की `Standalone` हे पाहून घ्यावे आणि शेजारच्या कंपन्यांसाठी शक्यतो तोच प्रकार ठेवावा.

आता एक तक्ता उघडू या. यातल्या तीन साखर कंपन्या काल्पनिक आहेत, आकडेही शिकवण्यासाठी बेतलेले आहेत. रकान्यांची नावे मात्र पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत. छायाचित्र जूनमध्ये घेतले आहे असे समजा.

| कंपनी | `CMP Rs.` | `P/E` | `Debt / Eq` | `Profit Var 3Yrs %` |
|---|---|---|---|---|
| अ | ४८ | ६ | १.८ | ५९ |
| ब | २१० | १४ | १.१ | ११ |
| क | ९० | ९ | ०.३ | २२ |

नवा वाचक हा तक्ता पाहतो तेव्हा त्याचे बोट सहसा अ वर जाते. भाव सर्वांत कमी, गुणोत्तर सर्वांत कमी, वाढ सर्वांत जास्त. कर्ज जरा डोळ्यांत येते खरे, पण साखर धंद्यात ते चालायचेच, अशी स्वतःची समजूत घातली जाते. दुसरा, अधिक सावध वाचक क निवडतो, कारण तिच्यावर कर्ज जवळजवळ नाही. दोघांचेही निर्णय चित्रापुरते तर्कशुद्ध आहेत.

आधी पहिला रकाना बाजूला सारू. ४८ रुपयांचा शेअर २१० रुपयांच्या शेअरपेक्षा स्वस्त नसतो. अ चे दहा कोटी शेअर आहेत, ब चे तीन कोटी. कंपनीचे किती तुकडे केले यावर एका तुकड्याची किंमत ठरते. खरा प्रश्न असा की वर्षाला एक रुपया कमावून देणाऱ्या तुकड्यासाठी बाजार किती रुपये मागतो. अ ने गेल्या बारा महिन्यांत ८० कोटी रुपये नफा कमावला, म्हणजे शेअरमागे आठ रुपये; ४८ ला आठने भागले की सहा. ब ने ४५ कोटी कमावले, शेअरमागे पंधरा. २१० भागिले पंधरा, चौदा. `P/E` हा रकाना एवढेच सांगतो. त्यातला नफा गेल्या बारा महिन्यांचा असतो आणि भाव आजचा असतो. भावात पुढच्या हंगामाचा अंदाज मिसळलेला असतो, नफ्यात तो नसतो.

साखरेच्या धंद्यात याचा परिणाम उलटा दिसतो. चांगल्या वर्षी उतारा बरा असतो, साखरेला दर असतो आणि नफा फुगतो. बाजाराला मात्र ठाऊक असते की हे वर्ष कायम टिकणारे नाही, म्हणून भाव त्या प्रमाणात चढत नाही. परिणामी गुणोत्तर सर्वांत लहान दिसते ते तेजीच्या टोकाला. मंदीच्या वर्षी नफा इतका आटतो की तेच गुणोत्तर तीसच्या वर जाते, आणि तोटा झाला तर रकाना चक्क रिकामा दिसतो. रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही असे नव्हे; बहुधा तोटा आहे असा त्याचा अर्थ लावावा. अशा कंपन्या वर लिहिलेल्या अटीतून आपोआप गळतात, आणि धंद्याची मंदी संपत आलेली असताना नेमक्या याच कंपन्या यादीबाहेर असतात. मी नवशिक्याला त्यांच्या मागे लागायला सांगणार नाही, पण यादी म्हणजे सगळा धंदा नव्हे एवढे लक्षात असू द्यावे.

यावर उपाय सोपा आहे. कंपनीच्या पानावर खाली उतरले की वर्षवार नफ्याचा तक्ता असतो. अ चे गेल्या पाच वर्षांचे नफे ५५, २०, ३८, ६२ आणि ८० कोटी आहेत असे धरा. सरासरी ५१ कोटी, म्हणजे शेअरमागे ५.१ रुपये. ४८ ला त्याने भागले तर सहाच्या जागी ९.४ येतात. ब चे नफे ३६, ३३, ३७, ४० आणि ४५ कोटी. सरासरी ३८.२ कोटी, शेअरमागे सुमारे १२.७, गुणोत्तर साडेसोळाच्या आसपास. अ अजूनही स्वस्तच आहे, पण दिसत होती तितकी नाही.

याच पाच आकड्यांनी वाढीचा रकानाही उलगडतो. अ ची ५९ टक्के वाढ २० कोटींवरून ८० कोटींवर जाताना मोजली आहे, तीन वर्षांत चौपट. आता मोजणी फक्त एक वर्ष मागे न्या. ५५ वरून ८० कोटी, चार वर्षांत. वार्षिक वाढ दहा टक्क्यांच्याही आत येते. कंपनी तीच, नफा तोच, फक्त मोजायला सुरुवात पडत्या वर्षापासून केली की चांगल्या वर्षापासून एवढाच फरक. ब चा आकडा याच पद्धतीने ११ वरून सहाच्या आत येतो, म्हणजे तिथेही घसरण आहे, पण ५९ चे दहा होण्यासारखी नाही. वाचकांनी वाढीचा मोठा आकडा पाहिला की आधी ती कोणत्या वर्षापासून मोजली आहे हे शोधावे. हंगामी धंद्यात नफ्याच्या वाढीपेक्षा विक्रीची पाच वर्षांची वाढ अधिक स्थिर चित्र देते, म्हणूनच वरच्या अटीत ती घातली आहे.

आता कर्जाकडे येऊ. इथे या भागातल्या वाचकाचे पारडे जड आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धुराडे पेटते, मार्चच्या आसपास गाळप आटोपत येते. त्या चार-पाच महिन्यांत वर्षभर विकायची साखर तयार होऊन गोदामात रचली जाते. विक्री बारा महिने चालते, पण उसाचे पैसे ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत द्यायचे असतात. मग ते आणायचे कोठून? साखर बँकेकडे तारण ठेवून. पोत्यांच्या मूल्यांकनावर बँक उचल देते आणि पोती विकली गेली की ती फिटते. आणि कंपन्यांचे वर्ष संपते ३१ मार्चला, म्हणजे गोदाम भरलेले आणि उचल वाढलेली असते नेमक्या त्या दिवशी. जूनमध्ये घेतलेल्या आपल्या छायाचित्रातले कर्ज हे ३१ मार्चचे कर्ज आहे.

अ चा स्वतःचा निधी ३०० कोटी आणि कर्ज ५४० कोटी, म्हणून १.८. पण त्या ५४० पैकी ४०० कोटी साखरेवरची उचल आहे आणि १४० कोटी दीर्घ मुदतीचे कर्ज. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ३० सप्टेंबरचा ताळेबंदही जाहीर करावा लागतो. त्यात अ चे कर्ज २०० कोटींवर उतरलेले दिसले, तर प्रमाण ०.७ च्या आत येते. ब कडे मार्चला २५० कोटी निधीवर २७५ कोटी कर्ज होते, आणि सप्टेंबरलाही ते २४० कोटीच आहे. ते उतरत नाही, कारण ते आसवनी प्रकल्पासाठी घेतलेले आहे, गोदाम रिकामे झाले म्हणून फिटणारे नाही. छायाचित्रात कमी कर्जाची वाटणारी ब प्रत्यक्षात अधिक जड ओझे वाहते आहे. याचा अर्थ ब वाईट असा मुळीच नाही. आसवनीतून नफा येऊ लागला तर ते कर्ज शहाणपणाचे ठरेल. पण प्रश्न कोणता विचारायचा ते आता कळले.

ताळेबंदात पाहताना `Borrowings` या ओळीखाली `Other Liabilities` अशी एक ओळ असते. ती उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. पुरवठादारांची देणी तिथे असतात, आणि शेतकऱ्याचे थकलेले ऊसबिलही त्यातच जाते. बँकेचे कर्ज कमी ठेवून शेतकऱ्याचे पैसे लांबवणारी कंपनी `Debt / Eq` या रकान्यात सुंदर दिसते. ज्यांनी स्वतः बिलाची वाट पाहिली आहे, त्यांना ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

राहिली क. कर्ज ०.३, गुणोत्तर ९, वाढ २२. नफा-तोटा पत्रकातली `Other Income` ही ओळ पाहिली की उलगडा होतो. यंदाच्या २० कोटी नफ्यातले ९ कोटी, कर वजा जाता, जुनी जमीन विकून आले आहेत. ती जमीन पुन्हा विकता येणार नाही. ते वगळले तर नफा ११ कोटी उरतो. दोन कोटी शेअर असल्याने शेअरमागे साडेपाच रुपये, आणि ९० रुपयांच्या भावाला गुणोत्तर ९ ऐवजी १६ च्या वर. तीन वर्षांपूर्वीचा नफाही ११ कोटीच होता. म्हणजे २२ टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात शून्य. कमी कर्जाचेही कौतुक करताना जपून राहावे, कारण जमिनीच्या पैशांतूनच ते फेडलेले असू शकते.

तर तीन ओळींच्या तक्त्यातून आपण काय ठेवले? मी अ ठेवीन, तिच्यापुढे 'चांगल्या वर्षाचा भाव, सप्टेंबरचे कर्ज पाहणे' असा शेरा लिहून. ब ठेवीन, 'आसवनीचे उत्पन्न केव्हापासून' या प्रश्नासह. क काढून टाकीन. दुसऱ्या वाचकाचा निकाल वेगळा येऊ शकतो आणि त्यात गैर काही नाही; शेरा लिहिलेला असला म्हणजे झाले. निवडक यादी म्हणजे खरेदीची यादी नव्हे, ज्यांचे वार्षिक अहवाल वाचायला बसायचे त्यांची यादी. वीसच्या तीन करणे एवढेच तक्त्याचे काम.

दोन मर्यादा इथेच सांगून ठेवतो. पहिली तारखेची. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि साखर कंपन्यांचे भाव घसरले. ६ तारखेचे आणि ८ तारखेचे छायाचित्र शेजारी ठेवले असते, तर दुसऱ्यात त्या सगळ्या कंपन्या स्वस्त दिसल्या असत्या. नफा मागच्या बारा महिन्यांचा, तो तसाच. भाव तेवढा खाली. पुढचा नफा कमी होणार ही बातमी कोणत्याच रकान्यात नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी ते निर्बंध उठले, तेव्हाही तक्त्याला ते आधी कळले नाही. सरकारी निर्णयावर चालणाऱ्या धंद्यात छायाचित्राशेजारी त्या आठवड्याच्या बातमीचे एक वाक्य लिहून ठेवावे.

दुसरी मर्यादा धंद्याची. हे तीन रकाने बँकांना लावू नयेत. साताऱ्यात १९३६ साली स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक या भागातल्या अनेकांना आठवत असेल. २००६ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. बँकेच्या दृष्टीने लोकांची ठेव हेच देणे असते, त्यामुळे धडधाकट बँकेचेही देणे तिच्या निधीच्या कितीतरी पट दिसते आणि कर्जाच्या रकान्यातून काहीच निष्पन्न होत नाही. बँकेचे दुखणे कळते ते थकीत कर्जांच्या प्रमाणातून आणि भांडवल पर्याप्ततेतून. साखर कारखाना, पंप कारखाना आणि बँक एकाच यादीत आले, तर आधी त्यांच्या तीन याद्या कराव्यात, मग तुलना.

सुरुवात केव्हा करावी असे विचाराल, तर मी नोव्हेंबरचा मध्य सुचवीन. तिमाही निकाल ४५ दिवसांत द्यावे लागतात, म्हणून तोपर्यंत ३० सप्टेंबरचे ताळेबंद आलेले असतात. त्या आठवड्यात पाच-सहा साखर कंपन्यांचा तक्ता काढावा, तारीख घालून ठेवावा. वार्षिक हिशेबांना ६० दिवसांची मुदत असते, म्हणून दुसरा तक्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच अटींनी, त्याच रकान्यांनी काढावा. दोन्ही शेजारी ठेवून आधी फक्त कर्जाचा रकाना पाहावा : कोणाचे किती वाढले, आणि त्यांच्याच ताळेबंदात `Inventories` या ओळीत साखरेचा साठा त्या मानाने वाढला आहे का. साठा वाढला नाही आणि कर्ज मात्र वाढले, अशी कंपनी सापडली तर तिच्या वार्षिक अहवालातली कर्जाची टीप उघडावी. पहिले प्रकरण त्याच टिपेपासून सुरू होते.